जतन केलेले पासवर्ड: आधी खातं, मग नोंद

फोनवर क्रोम उघडा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टेकवा, सेटिंग्जमध्ये जा आणि तिथून Google Password Manager उघडा. कॉम्प्युटरवर असाल तर पत्त्याच्या पट्टीत `passwords.google.com` टाइप केलं तरी तिथेच पोचाल. समोर जी लांबलचक यादी येते ती तुम्हीच तयार केलेली आहे, पण बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते. कुठल्याशा साइटवर खातं उघडताना ‘पासवर्ड जतन करायचा का?’ असं विचारलं गेलं, आपण घाईत हो म्हटलं आणि एक नोंद वाढली. वर्षानुवर्षं असंच चालत आलं. मुलाच्या अकरावी प्रवेशाचं लॉगिन, बंद पडलेल्या शिकवणीची साइट, जुन्या गावातल्या केबलवाल्याचं बिल, घरच्या वायफाय राउटरचं पान, भाचीने सुट्टीत येऊन उघडलेलं तिचं खातं, सगळं एकाखाली एक पडून असतं.

यादी पाहिली की पहिला मोह होतो तो नकोसं दिसेल ते पुसून टाकण्याचा. तिथेच थांबायला हवं, कारण या सफाईतली सर्वांत मोठी गफलत इथेच होते. नोंद पुसली म्हणजे खातं बंद झालं असं नाही. पासवर्ड मॅनेजरमधली नोंद ही आपल्या खिशातली किल्ली आहे. ती फेकून दिली तरी घर तिथेच राहतं आणि दुसऱ्या कुणाकडे त्या किल्लीची नक्कल असेल तर ती अजून चालतेच. खरेदीच्या साइटवर तुमचा पत्ता, मोबाइल नंबर, जुन्या ऑर्डरी आहेत त्या तशाच राहतील. उलट ते खातं आहे याची आठवण करून देणारी एकमेव खूण तुम्ही घालवलेली असेल. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी साइटवर जाऊन खातं बंद करायचं किंवा पासवर्ड बदलायचा, आणि नोंद सगळ्यात शेवटी काढायची. ही यादी एकाच गूगल खात्यावर जोडलेल्या सगळ्या फोन-कॉम्प्युटरांत सारखी असते, त्यामुळे फोनवर पुसलेली नोंद घरच्या कॉम्प्युटरवरूनही जाते, हेही ध्यानात असू द्या.

सफाईची सुरुवात पुसण्याने करायची नसेल तर कशाने करायची? त्याच पानावर Checkup नावाची सोय आहे, तिने. ती तुमच्या जतन केलेल्या पासवर्डांचे तीन गट दाखवते: चोरीच्या माहितीत सापडलेले, एकाहून अधिक ठिकाणी वापरलेले आणि कच्चे. या तीन गटांचा अर्थ वेगवेगळा आहे आणि प्रत्येकाला स्वतःची मर्यादा आहे. ती कळली नाही, तर तपासणी ‘सगळं ठीक’ म्हणाली की आपण निश्चिंत होतो आणि नको तिथे फसतो.

पहिल्या गटाविषयी एक शंका सर्रास ऐकू येते: माझा पासवर्ड चोरीला गेलाय हे गूगलला कळतं, म्हणजे गूगल माझा पासवर्ड वाचतं का? गूगलने ही तपासणी फेब्रुवारी 2019 मध्ये क्रोमची वेगळी जोडणी म्हणून आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती क्रोममध्येच बसवली. इंटरनेटवर आजवर फुटलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या गोळा करून कंपनीने मोठा साठा केला. सुरुवातीलाच त्यात 4 अब्जांहून जास्त जोड्या होत्या. तुमची जोडी त्यात आहे का हे पाहताना ब्राउझर नाव आणि पासवर्ड यांचा मिळून एक गणिती ठसा काढतो, ज्यावरून मूळ शब्द परत काढणं व्यवहारात अशक्यप्राय असतं. हा ठसा तुमच्याच यंत्रावरच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद होतो आणि मग सर्व्हरकडे जातो. सोबत वापरकर्त्याच्या नावाच्या ठशाचा फक्त एक लहान तुकडा जातो. तो तुकडा इतका लहान असतो की तो असंख्य नावांना लागू पडतो. सर्व्हर त्या तुकड्याशी जुळणाऱ्या सगळ्या फुटलेल्या जोड्या, त्याही कुलूपबंद करून, परत पाठवतो. शेवटची तुलना होते ती तुमच्या यंत्रावर. जुळलं की नाही हे तिथेच ठरतं. साठा पाहणाऱ्याला तुमचा पासवर्ड दिसत नाही आणि तुम्हाला इतरांचे दिसत नाहीत. अशी रचना मुद्दाम केली, कारण पासवर्ड तपासून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर स्वतःचा चालू पासवर्ड टाइप करणं हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुलना होते ती जोडीची, नुसत्या पासवर्डची नव्हे. एखाद्या खरेदीच्या साइटवर तुमचं नाव ईमेलच्या रूपात होतं आणि ती जोडी फुटली, तर तपासणी त्या जोडीवर बोट ठेवेल. तोच पासवर्ड तुम्ही दुसरीकडे मोबाइल नंबर किंवा ग्राहक क्रमांक घालून वापरत असाल, तर ती दुसरी जोडी साठ्यात नसते आणि ‘चोरीला गेलेले’ या गटात ती येत नाही. चोराला मात्र एवढा नियम पाळायचं कारण नाही.

चोर नेमकं काय करतो ते पाहिलं म्हणजे दुसऱ्या गटाचं मोल कळतं. एका साइटवरून फुटलेल्या जोड्यांची फाइल घेतली जाते आणि एक प्रोग्रॅम त्या जोड्या दुसऱ्या शेकडो साइटांवर आपोआप घालून पाहतो. लाखांतल्या काही जुळल्या तरी त्याचं काम होतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 23अँडमी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीत हेच घडलं. कंपनीचा साठा फोडावाच लागला नाही. ग्राहकांनी दुसरीकडे वापरलेले पासवर्ड घालून सुमारे 14 हजार खाती उघडली गेली, आणि त्या खात्यांशी जोडलेल्या नातेवाइकांच्या माहितीमुळे झळ पोचली ती सुमारे 69 लाख लोकांना. आपल्याकडे नोव्हेंबर 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचं उघड झालं होतं. त्या वेळी भाजी मागवण्यासाठी जो पासवर्ड ठेवला, तोच आज ईमेलला असेल, तर प्रश्न भाजीपुरता राहत नाही.

आता हे एका घरावर लावून पाहू. उदाहरणापुरतं, नाशिकमधल्या एका शिक्षिकेचं घर घ्या. एक गूगल खातं, त्यांच्या फोनवर आणि घरातल्या कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चालू. कॉम्प्युटर कॉलेजात जाणारी मुलगीही वापरते. यादीत 94 नोंदी. मुलीचं नाव आणि जन्मवर्ष जोडून केलेला Shravani2009 हा त्यांचा ठरलेला पासवर्ड. तपासणी चालवल्यावर निकाल येतो: चोरीच्या माहितीत 5, पुन्हा वापरलेले 31, कच्चे 12. तीन गटांत मिळून 48 दिसले तरी खरे तेवढे नसतात, कारण एकच नोंद दोन-तीन गटांत येऊ शकते.

चोरीच्या पाच नोंदींत ईमेल आणि Shravani2009 ही जोडी आहे. ती एका जुन्या पाककृतीच्या साइटवरून फुटलेली. क्रोम तीच जोडी जतन असलेल्या इतर साइटही त्याच गटात दाखवतो, म्हणून पाच. पण त्याच पासवर्डने त्या गॅस एजन्सीच्या साइटवर ग्राहक क्रमांक घालून जातात, ती नोंद या गटात नाही. ती ‘पुन्हा वापरलेले’ मध्ये आहे. आणि नेट बँकिंगला? बँकेने खास चिन्ह मागितलं म्हणून त्यांनी शेवटी @ लावून Shravani2009@ केला. ही नोंद कुठल्याच गटात नाही. तपासणी तंतोतंत सारखे पासवर्डच पुन्हा वापरलेले म्हणून धरते. एका चिन्हाचा फरक असला तरी तिच्या लेखी तो वेगळा पासवर्ड. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम मात्र फुटलेल्या शब्दाला मागे @, 1, 123 लावून पाहण्यापासूनच सुरुवात करतात. म्हणजे या घरातली सर्वांत जोखमीची नोंद तपासणीत हिरवी दिसते. ती शोधायची तर यादी स्वतः वाचावी लागते: नोंदीवर टेकवायचं, फोनचं लॉक किंवा बोटाचा ठसा द्यायचा, डोळ्याच्या चिन्हावर दाबून पासवर्ड पाहायचा आणि विचारायचं, हा त्याच कुटुंबातला आहे का?

कच्च्या पासवर्डांच्या गटालाही अशीच एक फट आहे आणि ती मराठी माणसाने विशेष समजून घ्यावी अशी आहे. कॉम्प्युटरवरचा क्रोम पासवर्डची ताकद मोजायला जे साधन वापरतो, ते ड्रॉपबॉक्स कंपनीत डॅन व्हीलर यांनी तयार केलेलं आणि 2012 मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं. पासवर्डमध्ये शब्दकोशातला शब्द आहे का, कीबोर्डवरची सरळ ओळ आहे का, साल आहे का, हे पाहून तो ओळखायला किती प्रयत्न लागतील याचा ते अंदाज करतं. त्याच्याकडचे शब्दकोश मात्र इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकी टीव्ही-चित्रपटांतले संवाद, अमेरिकी नावं-आडनावं आणि गाजलेले पासवर्ड यांचे आहेत. रोमन लिपीत लिहिलेलं आपल्या मुलांचं, गावाचं, कुलदैवताचं नाव त्याला अक्षरांचा अनोळखी गुंता वाटू शकतो आणि पासवर्ड मजबूत ठरून निसटू शकतो. ज्याला तुमचं फेसबुकचं पान दिसतं त्याच्यासाठी मात्र तो पहिल्या दहा अंदाजांतला असतो. म्हणून कच्च्यांच्या यादीत एखादा पासवर्ड नाही, एवढ्यावर विसंबू नये. नाव, वर्ष, वाहनाचा क्रमांक, मोबाइलचे शेवटचे आकडे यांपैकी काही त्यात असेल तर तो कच्चाच धरावा.

शिक्षिकाबाईंनी आता बदलायला कुठून लागायचं? 31 पासवर्ड एका बसणीला बदलू गेलं तर दहाव्या साइटवर कंटाळा येतो आणि काम तिथेच राहतं. पहिला बदलायचा तो ईमेलचा, कारण बाकी जवळपास प्रत्येक साइटचं ‘पासवर्ड विसरलात?’ हे पत्र तिथे येतं. ईमेल हातात आलं की चोराला उरलेले पासवर्ड माहीत असण्याचीही गरज नसते. त्यानंतर बँक आणि पैशाशी जोडलेलं सगळं. मग जिथे ओळखपत्रांच्या प्रती किंवा घरचा पत्ता आहे अशी खाती. पाककृतीची साइट शेवटी आली तरी चालेल. तिथे खातं बंदच करून टाकलेलं बरं.

बदलताना साइटवर शिरावं ते तपासणीच्या पानावरल्या बटणातून किंवा स्वतः पत्ता टाइप करून. ‘तुमचा पासवर्ड फुटला आहे, इथे बदला’ असा एसएमएस आला तर त्यातल्या दुव्यावरून कधीच नाही. नवीन पासवर्डच्या चौकटीत क्रोम स्वतःहून 15 अक्षरांचा अर्थहीन पासवर्ड सुचवतो. तो घेण्यात शहाणपण आहे, कारण तो लक्षात ठेवायची गरजच नाही. अपवाद ईमेलचा. तो कधी फोन हरवल्यावर दुसऱ्याच्या यंत्रावर आठवून टाकावा लागतो, म्हणून तिथे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करावा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवावा. शेजारी बसून कपाट उघडणारा चोर आणि परदेशातून प्रोग्रॅम चालवणारा चोर यांच्यात दुसऱ्याचा धोका कितीतरी मोठा आहे. दर तीन महिन्यांनी सगळे पासवर्ड बदलायचा जुना नेम मात्र आता सोडून द्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शनात तो मागे घेतला, कारण सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. फुटल्याचा पुरावा मिळाला की बदलावा, हे आता मान्य सूत्र आहे.

बदल झाल्यावर क्रोम ‘पासवर्ड अद्ययावत करायचा का?’ असं विचारतो. इथे हो म्हणायचं चुकलं की जुनी नोंद जशीच्या तशी राहते. यादीत एकाच साइटच्या दोन-तीन नोंदी दिसतात त्या बहुधा अशाच झालेल्या असतात. रेल्वे तिकिटांच्या साइटची एक नोंद ईमेलने, एक यूजर आयडीने, एक चुकून टाइप झालेल्या नावाने. यांतली खरी कोणती हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येकीने लॉगिन करून पाहा, जी चालेल ती ठेवा आणि बाकीच्या काढा. पण दोन-तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही तासांसाठी अडकवणाऱ्या साइट असतात, बँकांच्या विशेषतः. तिथे थेट ‘पासवर्ड विसरलात’ हा मार्ग घेऊन नवीन ठेवणं जास्त सुरक्षित.

जुन्या नोंदी वाचताना एक खूण मुद्दाम शोधावी: वापरकर्त्याच्या नावाच्या जागी तुमचा जुना मोबाइल नंबर. आपल्याकडे बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तो नंबर आता ज्याच्याकडे आहे त्याला त्या खात्याचा ओटीपी जाईल. पासवर्ड कितीही कठीण असला तरी ‘ओटीपीने लॉगिन करा’ हे दार त्याला उघडं आहे. अशा नोंदीत पासवर्ड बदलण्यापेक्षा नंबर बदलणं तातडीचं. आणि नंबर बदलण्यासाठी साइट जुन्याच नंबरवर ओटीपी मागत असेल तर ग्राहक सेवेला लिहावं लागतं. हे काम सगळ्यांत वेळखाऊ, म्हणून तेच आधी सुरू करावं.

काही नोंदी आपल्या नसतात. भाचीचं खातं, मैत्रिणीने आपल्या फोनवरून उघडलेलं मेल. त्यांना सांगून त्या काढून टाकाव्यात. याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे: आपली नोंद दुसऱ्याच्या यादीत असणं. सेतू केंद्रात, सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून घेताना तिथल्या कॉम्प्युटरने पासवर्ड जतन केला असेल, तर तो तुमच्या यादीत दिसणार नाही आणि तुम्हाला तो पुसताही येणार नाही. उपाय एकच, घरी येऊन त्या साइटचा पासवर्ड बदलायचा. शिष्यवृत्ती, शेतीचं अनुदान, परीक्षेचे अर्ज बाहेर भरून घेणाऱ्या घरांत ही गोष्ट हटकून तपासावी.

पासवर्डांचं झालं की त्याच सेटिंग्जमध्ये पत्ते आणि कार्डं जतन असतात, तिकडे वळावं. कॉम्प्युटरवर ही पानं `chrome://settings/addresses` आणि `chrome://settings/payments` इथे आहेत. जुना पत्ता राहिला तर पार्सल जुन्या घरी जातं, एवढाच प्रश्न नाही. 2017 मध्ये फिनलंडमधल्या विल्यामी कुओस्मानेन या वेब डेव्हलपरने एक साधं पान करून दाखवलं. पडद्यावर फक्त नाव आणि ईमेल या दोन चौकटी होत्या. फोन, पत्ता वगैरेच्या चौकटी पडद्याबाहेर लपवलेल्या. ब्राउझरने सुचवलेलं नाव निवडताच लपलेल्या चौकटीही भरल्या गेल्या. यातून घ्यायचं ते एवढंच की अनोळखी साइटवर एखादं नाव भरायचं असेल तर ते हाताने टाइप करावं आणि जतन केलेल्या पत्त्यांत गरजेपुरतंच ठेवावं. मुदत संपलेली कार्डं काढावीत. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदार साइटला तुमचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. पण तुमच्याच ब्राउझरमध्ये तुम्ही जतन केलेलं कार्ड ही वेगळी गोष्ट आहे, ते तुम्हीच काढायचं.

यांखेरीज एक तिसरा साठा असतो जो कुठल्याच यादीत दिसत नाही: पूर्वी चौकटींत टाइप केलेले सुटे शब्द. एखाद्या फॉर्मच्या चौकटीत पहिला आकडा टाकताच कुणाचा तरी आधार क्रमांक सुचवला जातो, तो यातूनच. कॉम्प्युटरवर बाणाच्या कळीने त्या सूचनेवर जाऊन शिफ्ट आणि डिलीट दाबलं की ती जाते. फोनवर सूचनेवर बोट दाबून धरावं. घरातला कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर हे करायलाच हवं.

आपोआप भरण्याचा एक गुण मात्र जपण्यासारखा आहे. पासवर्ड मॅनेजर पानाचं रूप पाहत नाही, पत्ता पाहतो. बँकेचं हुबेहूब नक्कल केलेलं पान समोर आलं, पण पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं, तर तो जतन केलेला पासवर्ड पुढे करत नाही. रोज आपोआप भरणारी चौकट एखाद्या दिवशी रिकामी दिसली तर ‘आज बिघडलंय वाटतं’ म्हणून यादीतून पासवर्ड उचलून हाताने चिकटवू नका. आधी पत्त्याची पट्टी अक्षर अक्षर वाचा. कधी बँकेने खरोखरच पत्ता बदललेला असतो, पण ती खात्री बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा पासबुकावरच्या क्रमांकावर फोन करून करावी.

ही सगळी यादी ज्या कुलपामागे आहे ते म्हणजे फोनचा पिन आणि कॉम्प्युटरचं लॉगिन. विंडोजवर पासवर्ड पाहायला तुमचं लॉगिन मागितलं जातं, पण साइटवर पासवर्ड भरताना ते आपोआप मागितलं जात नाही. मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये Use Windows Hello when filling passwords ही कळ चालू केली तरच मागतं. सामाईक कॉम्प्युटरवर ती चालू करावी, आणि त्याहून बरं म्हणजे क्रोममध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं ठेवावं. सफाईच्या भरात कुणी यादीची फाइल उतरवून ठेवतं. त्या फाइलीत सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात आणि त्या पुसायच्या राहून गेल्या, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवल्या, तर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

नाशिकच्या उदाहरणात आठवड्याभराने तपासणी पुन्हा चालवली तर चोरीच्या गटात शून्य दिसायला हवं. एक उरलं, समजा. पासवर्ड बदलूनही इशारा जात नसेल तर बहुतेक वेळा साइटवर बदलला गेला आहे आणि क्रोममध्ये जुनीच नोंद राहिली आहे. नोंद उघडून नवीन पासवर्ड तिथे हाताने घालावा. साइटच बंद पडली असेल तर बदलणार कुठे? तिथे ती नोंद काढून टाकणं बरोबर आहे, पण काढण्याआधी तोच पासवर्ड यादीत आणखी कुठे आहे का हे शोधून.